‘वाढेलच असे नाही’ म्हणजे ‘वाढणार नाही’ नव्हे: एका दाट उताऱ्याची दोन सोपी रूपं

प्रश्न: मी पुण्यात घरी आठवीच्या चार मुलांची शिकवणी घेते आणि बी.ए.ला बाहेरून बसलेल्या दोघीजणींना भूगोलात मदत करते. भूजलावरचा एक परिच्छेद दोन्ही गटांना द्यायचा आहे. पुस्तक ग्रंथालयाबाहेर देत नाहीत, म्हणून मोबाइलवर फोटो काढून आणला. अख्खा परिच्छेद म्हणजे एकच वाक्य आहे! त्याची दोन पातळ्यांवर सोपी रूपं कशी करायची? आणि अर्थ बदलला नाही, हे भूशास्त्र न शिकलेल्या माणसाने कसं तपासायचं? फोटो जोडला आहे.

उत्तर:

फोटो मोठा करून पाहिला. पान उजवीकडचं आहे, त्यामुळे प्रत्येक ओळीची सुरुवात पुस्तकाच्या घडीत, सावलीत गेली आहे. चौथ्या ओळीच्या सुरुवातीला जो शब्द आहे, त्यातलं ‘सल्यास’ एवढंच नीट दिसतं. त्याच्या आधीचं अक्षर ‘न’ आहे की ‘अ’? पुढे लगेच ‘भरली गेली असल्यास’ असं आलं आहे, त्यामुळे डोळा सहज ‘अ’ भरून मोकळा होतो. फोटोतून मजकूर उचलायची मोबाइलमधली सोय मी वापरून पाहिली, तिनेही ‘असल्यास’ हेच दिलं. म्हणजे पोकळ्या जोडलेल्या असल्या तर पाणी वाहत नाही, असा उताऱ्याचा अर्थ झाला. सोपं करायला बसण्याआधीच अर्थ उलटा.

संदर्भावरून तिथे ‘नसल्यास’ असणार हे मला कळतं. तरी अंदाजाने बसवलेल्या अक्षरावर पुढचं सगळं उभं करू नका. पुन्हा ग्रंथालयात जाल तेव्हा पुस्तक टेबलावर उघडून समोरचं पान तळहाताने दाबून धरा, म्हणजे घडीतला फुगवटा बसतो. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. फ्लॅश नको, गुळगुळीत कागदावर त्याचा पांढरा डाग पडतो आणि नेमकी दोन-चार अक्षरं खातो. मोबाइल पानाला समांतर धरा. एक फोटो अख्ख्या पानाचा, एक फक्त परिच्छेदाचा जवळून, आणि मागच्या-पुढच्या पानाचाही एकेक घ्या. मागचं पान लागतंच, कारण ‘प्राथमिक सच्छिद्रता’ म्हणजे काय ते लेखकाने बहुतेक तिथे सांगून ठेवलेलं असतं.

हा परिच्छेद ७६ शब्दांचा आहे. हाताने टाइप केला तरी दहा-पंधरा मिनिटांचं काम. मजकूर यंत्राने उचलला असेल तर घरातल्या कुणाला तरी फोटोवरून मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही टाइप केलेल्या मजकुरावर बोट फिरवा. देवनागरीत घ-ध, भ-म, थ-य या जोड्या, रफार आणि अनुस्वार इथे घोटाळे होतात. ते बहुधा ऐकताना खटकतात, नुसतं पाहताना सुटतात.

स्वच्छ केलेला परिच्छेद असा:

> दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकात प्राथमिक सच्छिद्रता सामान्यतः अल्प असून, लाव्हाप्रवाहांच्या वरच्या भागातील वायुकुहरांमुळे ती स्थानिक पातळीवर वाढलेली आढळत असली, तरी ही कुहरे परस्परांशी जोडलेली नसल्यास वा दुय्यम खनिजांनी भरली गेली असल्यास पार्यतेत लक्षणीय वाढ होत नाही; परिणामी भूजलाचा साठा व वहन हे प्रामुख्याने विदारित थर, सांधे व भेगा यांतून निर्माण झालेल्या दुय्यम सच्छिद्रतेवर अवलंबून राहते, आणि ही सच्छिद्रता खोलीनुसार सर्वसाधारणपणे घटत जात असल्याने, अधिक खोल विंधन केल्याने उत्पादकता त्या प्रमाणात वाढेलच असे गृहीत धरता येत नाही.

हे वाचून हात लगेच अवघड शब्दांकडे जातो. ‘वायुकुहर’ काढा, ‘विंधन’ काढा, ‘बोअर’ घाला. ते करायचंच आहे, पण आत्ता नाही. अवघड नामं चुकली तर ती दिसतात तरी. या उताऱ्याचा अर्थ पेलून धरलाय तो भलत्याच शब्दांनी: सामान्यतः, स्थानिक पातळीवर, वा, लक्षणीय, प्रामुख्याने, सर्वसाधारणपणे, त्या प्रमाणात, आणि ‘वाढेलच’ मधला तो शेवटचा ‘च’. सोपं करताना हेच शब्द आधी गळतात, कारण ते सोपेच असतात आणि त्यांच्यावाचून वाक्य सुटसुटीत वाटतं.

म्हणून एकही सोपं वाक्य लिहिण्याआधी मी उताऱ्यातली विधानं सुटी करतो. एका ओळीत एकच विधान, आणि ते खरं की खोटं असं विचारता आलं पाहिजे. या वाक्यातून सात निघतात:

१. दख्खनच्या बेसाल्टात प्राथमिक सच्छिद्रता सामान्यतः कमी असते.
२. लाव्हाप्रवाहांच्या वरच्या भागातल्या वायूच्या पोकळ्यांमुळे ती काही ठिकाणी वाढते.
३. पोकळ्या जोडलेल्या नसतील, किंवा खनिजांनी भरलेल्या असतील, तर पार्यता फारशी वाढत नाही.
४. त्यामुळे पाण्याचं साठणं आणि वाहणं मुख्यतः दुय्यम सच्छिद्रतेवर अवलंबून असतं.
५. दुय्यम सच्छिद्रता विदारित थर, सांधे आणि भेगा यांतून येते.
६. ती खोलीनुसार साधारणपणे घटते.
७. म्हणून जास्त खोल गेल्यास पाणी त्या प्रमाणात वाढेलच असं धरता येत नाही.

यादीतले अर्थ पेलून धरणारे शब्द मी कागदावर लाल पेनाने गोल करतो. ही यादी म्हणजे तुमचं वजनमाप. पुढची दोन्ही रूपं हिच्यावरच तोलायची.

आता घाईत लिहिलेलं सोपं रूप कसं होतं ते बघा. यातली पहिली दोन वाक्यं खरोखरच माझी आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी गावकऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेत मी ती लिहिली होती.

> बेसाल्ट हा कठीण खडक आहे. त्यात पाणी मुरत नाही. काही ठिकाणी छिद्रं असतात, त्यात पाणी साठतं. खडक झिजल्यावर भेगा पडतात आणि त्यात पाणी जातं. खूप खोल गेल्यावर पाणी नसतं.

वाचायला गोड आहे, एकही शब्द अडत नाही. पुरंदर तालुक्यातल्या एका गावात ही पुस्तिका वाचून दाखवल्यावर एका आजोबांनी विचारलं, “मग आमच्या हिरीला पानी काय वरनं टाकतंय का कुनी?” मी गप्प. ‘प्राथमिक सच्छिद्रता अल्प’ याचं मी ‘पाणी मुरत नाही’ करून ठेवलं होतं. ‘अल्प’चं शून्य झालं आणि ‘प्राथमिक’ गेल्यामुळे भेगांमधलं पाणीही त्याच्याबरोबर वाहून गेलं.

यादीवर ठेवून बघितलं तर पाचातलं एकही वाक्य धड उभं राहत नाही. ‘कठीण खडक’ हे मुळात कुठेच नाही. तिसरं वाक्य विधान ३ च्या विरुद्ध आहे. चौथ्यात ‘झिजल्यावर’ चुकलं, आणि ही चूक मी आजही पुष्कळांच्या लेखनात बघतो. भूगोलाच्या पुस्तकात विदारण वेगळं आणि झीज वेगळी. विदारणात खडक जागच्या जागी फुटतो, कुजतो, ठिसूळ होतो. झिजेत सुटलेला माल वाहत्या पाण्याने किंवा वाऱ्याने दुसरीकडे जातो. इथे पाणी धरतो तो जागेवर राहिलेला ठिसूळ थर, ज्याच्या सैल भागाला आपण मुरूम म्हणतो. झिजून गेला असता तर पाणी धरायला उरलाच नसता. शिवाय ‘झिजल्यावर भेगा पडतात’ हा कार्यकारणभाव मी पदरचा घातला. उताऱ्यात विदारित थर, सांधे आणि भेगा शेजारी शेजारी ठेवले आहेत, एकातून दुसरं होतं असं म्हटलेलं नाही. पाचव्या वाक्यावर पुढे येतो.

या उताऱ्यातली सगळ्यात अवघड जागा तिसरं विधान, तिथे जरा थांबू. सच्छिद्रता म्हणजे खडकात रिकामी जागा किती, आणि पार्यता म्हणजे त्यातून पाणी वाहू शकतं का. बोलीभाषेत दोन्हीला आपण एकच काहीतरी म्हणतो: ‘पाणी मुरतं’, ‘छिद्रं आहेत’. म्हणून भाषा खाली उतरवली की या दोन कल्पना एकमेकींत मिसळतात आणि ‘छिद्रं आहेत म्हणजे पाणी आहे’ हे वाक्य आपोआप तयार होतं. मूळ लेखकाचा तर सगळा खटाटोप हेच नाकारण्यासाठी आहे. भिंतीत शंभर खोल्या असल्या आणि एकीलाही दार नसलं, तर माणूस आत शिरणार कुठून? विहिरीची कामं करणारे लोक अशा पोकळ्या-पोकळ्यांच्या, पांढरे दाणे असलेल्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. ते पांढरे दाणे म्हणजेच उताऱ्यातली ‘दुय्यम खनिजं’, बहुतेकदा झिओलाइट. वाघोलीच्या दगडखाणी अशा पोकळीतल्या स्फटिकांसाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. तिथला निळा कॅव्हन्साइट कुठल्याही खनिज-संग्रहालयात बघायला मिळाला तर जरूर बघा. मुलांना सांगायला हे छान आहे, पण उताऱ्यात नाही. ते कुठे ठेवायचं ते पुढे सांगतो.

तेव्हा नियम असा की आठवीसाठी तुम्ही दोन्ही संज्ञा खुशाल टाका, पण कल्पना दोनच्या दोन राहिल्या पाहिजेत. मी ‘रिकामी जागा’ आणि ‘वाट’ हे दोन शब्द ठरवतो आणि अख्ख्या रूपात तेच वापरतो. एकदा ‘रिकामी जागा’, मग ‘छिद्रं’, मग ‘मोकळीक’ असं शब्दांचं वैविध्य शाळेच्या निबंधात शोभतं. इथे वाचणाऱ्याला वाटतं की तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पातळी ठरवण्याबद्दल थोडक्यात. इंग्रजीत शब्दांतली अक्षरावयवं आणि वाक्याची लांबी मोजून वाचनपातळी काढायची सूत्रं आहेत. ती मराठीला लावू नका. ‘लाव्हाप्रवाहांच्या’ हा आपला एक शब्द इंग्रजीत चार होतो, त्यामुळे आकडा भलताच येतो. मी साधा हिशेब करतो. आठवीला एका वाक्यात एक विधान, शब्द साधारण बारा, फार तर पंधरा, आणि नवी संज्ञा जमल्यास एकही नाही. बी.ए.ला वाक्य वीस-पंचवीस शब्दांपर्यंत चालेल. संज्ञा मात्र सगळ्या ठेवायच्या, कारण परीक्षेत त्यांना ‘दुय्यम सच्छिद्रता’ हेच शब्द लिहायचे आहेत. त्या काढून टाकणं म्हणजे मदतीच्या नावाखाली नुकसान. फक्त पहिल्यांदा आली की तिथल्या तिथे उलगडायची.

बी.ए.चं रूप:

> दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकात प्राथमिक सच्छिद्रता, म्हणजे खडक तयार होतानाच राहिलेली रिकामी जागा, सामान्यतः कमी असते. लाव्हाप्रवाहांच्या वरच्या भागात वायूमुळे तयार झालेल्या पोकळ्या, म्हणजे वायुकुहरे, असतात. त्यांच्यामुळे ती काही ठिकाणी वाढलेली आढळते. मात्र ही कुहरे एकमेकांशी जोडलेली नसतील, किंवा नंतर तयार झालेल्या खनिजांनी भरली असतील, तर खडकाची पार्यता, म्हणजे पाणी वाहू देण्याची क्षमता, फारशी वाढत नाही. त्यामुळे भूजल साठणे आणि वाहणे हे प्रामुख्याने दुय्यम सच्छिद्रतेवर अवलंबून असते. विदारणाने ठिसूळ झालेला थर, सांधे आणि भेगा यांतून ही दुय्यम सच्छिद्रता निर्माण होते. ती खोलीनुसार सर्वसाधारणपणे घटत जाते. म्हणून विंधन विहीर अधिक खोल नेली की तिचे पाणी त्याच प्रमाणात वाढेलच, असे गृहीत धरता येत नाही.

आठवीचं रूप लिहिताना वरचं रूप बाजूला ठेवा आणि पुन्हा यादीवरून लिहा. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षर फिकं होतं, तसंच इथे. पहिल्या रूपात जे किंचित सैल झालंय, ते दुसऱ्यात साफ सुटतं.

> दख्खनच्या पठारावरचा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. तो लाव्हा थंड होऊन तयार झाला. तयार होतानाच त्यात राहिलेली रिकामी जागा बहुतेक ठिकाणी थोडीच असते. लाव्हाच्या थराच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या आहेत. त्यामुळे काही ठिकाणी रिकामी जागा जास्त असते. पण पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतील, तर पाण्याला पुढे जायला फारशी वाट मिळत नाही. पोकळ्या नंतर दुसऱ्या खनिजांनी भरल्या असतील, तरीही तसंच होतं. म्हणून इथे जमिनीखालचं पाणी मुख्यतः दुसऱ्या जागांमध्ये साठतं आणि त्यांतूनच वाहतं. जागच्या जागी ठिसूळ झालेला खडक, खडकातले सांधे आणि भेगा, या त्या जागा. खोल जावं तशा या जागा साधारणपणे कमी होत जातात. म्हणून बोअर दुप्पट खोल नेली की पाणीही दुप्पट मिळेलच, असं धरून चालता येत नाही.

शेवटचं वाक्य जरा उकलून सांगतो. ‘त्या प्रमाणात’ हे आठवीच्या मुलाला हवेत तरंगणारं वाटतं, म्हणून तिथे ‘दुप्पट’ हे उदाहरण घेतलं. अशी अदलाबदल चालते, कारण दुप्पट हा प्रमाणाचाच एक नमुना आहे. पण ‘च’ला हात लावायचा नाही. ‘वाढेलच असे नाही’ म्हणजे वाढेल किंवा वाढणार नाही, खात्री नाही. ‘वाढणार नाही’ ही खात्री आहे, तीही उलट बाजूची. वरच्या घाईतल्या रूपातलं ‘खूप खोल गेल्यावर पाणी नसतं’ हे त्याच घसरगुंडीचं टोक. मराठीत एवढा मोठा फरक एका अक्षरावर उभा असतो आणि तपासताना डोळा त्यावरून घसरतो, म्हणून मी ‘च’ वेगळा शोधतो.

आता तपासणी. पहिली फेरी तुम्ही एकटीने करायची, दोन्ही दिशांनी. आधी यादी हातात घेऊन एकेक विधान सोप्या रूपात कुठे आहे ते बोटाने दाखवायचं, गोल केलेल्या शब्दासकट. मग उलट, सोप्या रूपातलं एकेक वाक्य घेऊन ते यादीतल्या कुठल्या विधानातून आलं ते विचारायचं. लोक पहिली दिशा करतात आणि दुसरी सोडतात, आणि पदरचा भर तर दुसरीतच सापडतो. वरच्या रूपात असा भर दोन ठिकाणी आहे: ‘काळा खडक’ आणि ‘लाव्हा थंड होऊन तयार झाला’. दोन्ही ओळख म्हणून घातलेत, उताऱ्याच्या कुठल्याही विधानाला धक्का लावत नाहीत, म्हणून ठेवले. पण ‘साडेसहा कोटी वर्षांपूर्वी’ असं मनात येऊनही लिहिलं नाही. ते खरं आहे, तरी उताऱ्याचं नाही. वाघोलीचे स्फटिक, मांजऱ्या, सोसायटीतली बोअर हे सगळं खाली रेघ मारून ‘उताऱ्याबाहेरचं’ असा मथळा देऊन लिहा. मिसळलं की मुलाला लेखकाचं काय आणि बाईंचं काय ते कळत नाही, आणि चूक निघाली तर कोणाची तेही कळत नाही.

दुसरी फेरी दुसऱ्या माणसाबरोबर. इथे ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. सगळे हो म्हणतात. त्याऐवजी सोपं रूप लिहिण्याच्या आधीच, मूळ उताऱ्यावरून चार-पाच प्रश्न लिहून ठेवा आणि त्यांची उत्तरंही. मग ज्याने मूळ वाचलेलं नाही त्याला फक्त सोपं रूप द्या. मी या उताऱ्यासाठी हे काढले:

खडकात पोकळ्या भरपूर आहेत, तर पाणी नक्की मिळेल का? पोकळ्या कोणत्या दोन कारणांनी निरुपयोगी ठरू शकतात? जमिनीखालचं पाणी मुख्यतः कुठे असतं? खूप खोल बोअर मारली तर पाणी मिळणारच नाही का? आणि शेवटचा, किती फुटांच्या खाली पाणी कमी होतं?

पहिला आणि चौथा प्रश्न मुद्दाम सापळा म्हणून लावले आहेत, लोक जिथे घसरतात नेमके तिथे. पाचव्याचं बरोबर उत्तर आहे ‘उताऱ्यात दिलेलं नाही’. वाचणाऱ्याने आकडा सांगितला, तर तो एकतर घरून घेऊन आलाय किंवा तुमच्या वाक्यात कुठेतरी नको ती खात्री शिरली आहे.

काल संध्याकाळी आमच्या इमारतीतल्या आठवीच्या मुलाला मी वरचं रूप वाचायला दिलं. पहिले तीन प्रश्न त्याला नीट आले. चौथ्याला म्हणाला, “मिळू शकतं, पण जास्तच मिळेल असं नाही.” इतकं नेमकं उत्तर मलाही सुचलं नसतं. मग मी न ठरवता एक सहावा प्रश्न विचारला, या पोकळ्या कुठे सापडतील? तो म्हणाला, “वर. जमिनीच्या जवळ.” मी म्हटलं, कुठल्या वाक्यावरून? त्याने बोट ठेवलं ‘लाव्हाच्या थराच्या वरच्या भागात’ यावर.

त्याची चूक नव्हती. दख्खनमध्ये लाव्हाचे अनेक थर एकावर एक बसले आहेत. सिंहगड चढताना डोंगराच्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात त्या यामुळेच. पोकळ्या या प्रवाहांच्या माथ्याकडे असतात, म्हणजे खाली खोलवरही पुन्हा पुन्हा येऊ शकतात. मूळात ‘लाव्हाप्रवाहांच्या’ असं अनेकवचन आहे. मी ‘लाव्हाच्या थराच्या’ असं एकवचन केलं आणि मुलाने एकच थर, म्हणून एकच माथा, असं चित्र उभं केलं. माझ्या यादीत अनेकवचन होतं, पण ते मी गोल केलं नव्हतं. आता वाक्य असं केलं: ‘इथे लाव्हाचे थर एकावर एक आहेत. अशा थरांच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या आहेत.’ ‘प्रत्येक थराच्या’ लिहायचा मोह झाला होता, तो आवरला. मूळात ‘प्रत्येक’ नाही, आणि ते खरं आहे का हे उताऱ्यावरून ठरत नाही.

‘कुठल्या वाक्यावरून?’ हा प्रश्न प्रत्येक चुकलेल्या उत्तरानंतर विचाराच. वाक्यावर बोट ठेवता आलं तर वाक्य दुरुस्त करायचं. ठेवता आलं नाही तर चूक डोक्यात आधीपासून होती, आणि ती शिकवताना काढायची, उताऱ्यात नव्हे. हे प्लंबरकडून शिकलो. त्याने हेच रूप वाचलं आणि म्हणाला, “चुकीचं आहे साहेब, आपल्या शेजारच्या सोसायटीला तीनशे फुटांवर पाणी लागलंय.” मी त्याला ‘साधारणपणे’ दाखवलं. तो शब्द गाळला असता तर त्याचंच म्हणणं बरोबर ठरलं असतं.

भूशास्त्र येत नसताना कुठवर जाता येतं, हाही तुमचा प्रश्न आहे. रूप मूळाशी प्रामाणिक आहे की नाही एवढं या पद्धतीने तुम्हाला नक्की तपासता येईल. मूळच बरोबर आहे की नाही, ते नाही. जिथे मूळाचे दोन अर्थ निघतात, तिथे जाणकाराला विचारावं लागतं. पण त्याला अख्खा उतारा पाठवून ‘बघा जरा’ म्हणू नका, तो ‘छान आहे’ म्हणेल. एकच प्रश्न विचारा, हो-नाहीत उत्तर येईल असा: ‘खोलीनुसार घटणारी ही सच्छिद्रता म्हणजे फक्त दुय्यम, की दोन्ही?’ माझ्या वाचनात ‘ही’ म्हणजे लगतची दुय्यम, आणि दोन्ही रूपं मी तशी लिहिली आहेत. पुस्तक जुनं असेल आणि जाणकाराने मूळातलीच चूक दाखवली, तर ती सोप्या रूपात गुपचूप सुधारू नका. रूप लेखकाचं म्हणणं सांगतं. दुरुस्ती रेघेखाली लिहा.

तिसरी फेरी फुकट आहे आणि मला सगळ्यात जास्त चुका तिथे सापडतात. दोन दिवस थांबा. मग मूळ आणि यादी न बघता, फक्त आठवीचं रूप समोर ठेवून त्यातून विधानांची नवी यादी काढा. जुनीशेजारी ठेवा. या वेळी मी काढलेल्या नव्या यादीत तिसरं विधान ‘जोडलेल्या नसतील आणि भरलेल्या असतील’ असं उतरलं होतं. मूळात ‘वा’ आहे, दोन्हींपैकी एकही पुरेसं. ‘तरीही तसंच होतं’ हे वाक्य मला दोन दिवसांनी ‘वरचं झालंच आहे, शिवाय हेही’ असं वाचता आलं, तर मुलाला येणारच. तिथे ‘किंवा’ घालून दोन वाक्यांचं एक केलं: ‘पण पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतील किंवा नंतर दुसऱ्या खनिजांनी भरल्या असतील, तर पाण्याला फारशी वाट मिळत नाही.’ शब्द पंधराच्या वर गेले. जाऊ देत. लांबीचा नियम अर्थापुढे वाकवायचा, उलट नाही.

एक गोष्ट आठवीच्या रूपात टिकत नाही, ती तुम्हाला माहीत असू द्या. ‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ ही जोडी तिथे ‘तयार होतानाच राहिलेली’ आणि ‘दुसऱ्या जागा’ अशी पसरट झाली आहे. ही मुलं पुढे वरच्या वर्गात हे शब्द पहिल्यांदाच बघतील. त्या दोघीजणींना मात्र आठवीचं रूप आधी वाचायला देऊन मग बी.ए.चं दिलंत तर बरं पडेल.

घडीतल्या त्या ‘न’चा नवा फोटो मिळाला की मूळ टाइप केलेल्या मजकुरावर तारीख घाला आणि फोटो, यादी आणि दोन्ही रूपं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. दोन वर्षांनी कुणी विचारलं की ‘बाई, हे पुस्तकात असंच आहे का?’, तर बघायला फोटोच लागतो.